फोनसाठीची उभी फाइल

आमच्या स्टुडिओतून बाहेर पडणारी प्रत्येक फिल्म शेवटी जिच्या हातून जायची, तिला आम्ही सगळे गाळणी म्हणायचो. नाव मीच ठेवलं, तेही तिच्या तोंडावर. तिने राग तर मानला नाहीच, उलट कागदावर ठळक लिहून ते आपल्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलं. एडिटर कापाकापी करायचा, रंगवाला रंग नीट करायचा, मी आवाज बसवायचो आणि "झालं बुवा एकदाचं" म्हणून आम्ही तिघं चहाला निघायचो. गाळणीचं काम तिथून पुढे सुरू व्हायचं.

लोकांना वाटतं, फिल्म तयार झाली की एक बटण दाबायचं आणि ती जगभर पोचते. मलाही तसंच वाटायचं. मी आवाजाचा माणूस, म्हणजे मुळात कटकट्या आणि वर अर्धवट माहितीचा. गाळणीने मला समोर बसवून शिकवलं. बिटरेट म्हणजे फिल्मच्या एका सेकंदावर किती माहिती खर्चायची ते. टीव्हीची वाहिनी म्हणते, आडवी फाइल द्या, सेकंदाला पन्नास मेगाबिटची, आवाज आमच्या मापात बसलेला, नाहीतर परत पाठवू. वेबला त्यापेक्षा बरीच हलकी चालते, पण तिथेही कंजूषपणा करायचा नाही, कारण वेबसाइट ती फाइल पुन्हा स्वतः दाबून लहान करते. आधीच दाबलेलं पुन्हा दाबलं की चित्राची पार चटणी होते. फोनला उभी चौकट लागते. आणि लोक एकमेकांना मेसेजमधून पाठवतात ती आणखी वेगळी, एवढीशी, दीड-दोन मेगाबिटवर जगणारी.

तिचा एक नियम होता. जी फाइल जिथे बघितली जाणार, तिथेच ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. टीव्हीची फाइल स्टुडिओच्या बोळातल्या जुन्या टीव्हीवर, पार मागच्या सोफ्यावर बसून. वेबची लॅपटॉपवर. फोनची फोनवरच, उभं राहून, खिडकीच्या उजेडात. मी एकदा म्हटलं, "अगं, समोर एवढा मोठा मॉनिटर आहे, त्यावर बघ की." तर म्हणाली, "नुसत्या वासावरून मीठ सांगतोस का तू?" पुढे मी त्या वाटेला गेलो नाही.

ती बोलताना हात फार हलवायची. फोनवर बोलतानासुद्धा फोन खांद्यात दाबून दोन्ही हात मोकळे ठेवायची. त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. तिचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. आई गेली, बाबा होते. छापखान्यात बायंडर म्हणून सगळी नोकरी झालेली, आता घरी. घरातली एकटी ऐकणारी हीच. "लहानपणी मी रडले तर कुणाला ऐकू जायचं नाही," तिने मला एकदा सांगितलं, "मग मी आईच्या समोर जाऊन उभी राहायचे आणि तिथे रडायचे." असं म्हणून ती खो खो हसली. मला हसू आलं नाही.

स्टुडिओची मालकीण तिची कॉलेजातली मैत्रीण. दोघींनी एका डब्यात जेवून दिवस काढलेले. आम्ही मालकिणीला बाईसाहेब म्हणायचो, गाळणी मात्र "ए बये" म्हणायची आणि बाईसाहेबांना ते चालायचं. बाईसाहेबांना खुणांची भाषाही थोडी यायची. गाळणीच्या घरी जाऊन जाऊन शिकलेली. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! मालक असावा तर असा, असं मी स्वतः चारचौघांत बोललोय. आता आठवलं की माझी मलाच चीड येते.

मग त्या अग्निशमन खात्याचं काम आलं. इमारतीला आग लागली तर काय करायचं, यावरची एक छोटी फिल्म. लोकांच्या आवडीचा एक हिरो त्यात सगळं समजावून सांगणार. भोंग्याचा आवाज मी तयार केला, छातीत धस्स होईल असा. तो गाळणीला ऐकवला तर ती म्हणाली, "छान आहे. पण बाबांना हा ऐकू येणार नाही. बाबांना आग कळणार ती धूर नाकात गेल्यावर. त्यांना आधी शिकवून ठेवायला पाहिजे." त्याच दिवशी ती बाईसाहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि खुणांची दुभाषी घ्यायचीच, असं म्हणून बसली. बाईसाहेब म्हणाल्या, घेऊ. गाळणी म्हणाली, "नुसतं टीव्हीवर नाही. फोनवरच्या फाइलमध्येसुद्धा. आमची माणसं टीव्हीपुढे बसत नाहीत, टीव्ही त्यांच्याशी बोलतच नाही. त्यांचं सगळं फोनवर चालतं."

"माझा शब्द," बाईसाहेब म्हणाल्या. दार उघडं होतं, मी बोळात होतो, मी ऐकलं.

गाळणीने घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबांचा बहिऱ्या मित्रांचा कट्टा होता, सुटीच्या दिवशी बागेतल्या बाकांवर जमणारा. बाबांनी तिथे जाऊन जाहीर करून टाकलं की आपल्या भाषेतली फिल्म येतेय, फोनवर येतेय आणि माझ्या मुलीच्या हातून येतेय. कट्ट्यावरच्या एकाने म्हणे खांदे उडवले. असली आश्वासनं त्याने पुष्कळ बघितली होती. बाबांनी त्याला खुणेने सांगितलं, हे मी देतोय.

टीव्ही आणि वेबच्या फायली सोप्या होत्या. आडव्या चौकटीत हिरो डावीकडे, दुभाषी उजवीकडे खालच्या चौकोनात. चौकोन कडेला चिकटवायचा नाही, कारण काही जुने टीव्ही कडा खातात. खरा घोळ उभ्या फाइलचा. आडवं चित्र उभं करायचं तर सोपा मार्ग म्हणजे मधला पट्टा कापून घ्यायचा. तसं केलं की दुभाषी गेलीच. म्हणून गाळणीने कापलं नाही. मूळ, न दाबलेली मास्टर फाइल उघडली, दुभाषीचं वेगळं केलेलं शूटिंग घेतलं आणि फोनच्या चौकटीची मांडणी नव्याने केली. वर हिरो, खाली दुभाषी, टीव्हीवर होती त्यापेक्षा मोठी. तिच्याही खाली थोडी जागा रिकामी आणि उजव्या कडेलाही, कारण तिथे फोनवरची बटणं आणि मजकूर येऊन बसतो. बटणाखाली हात गेला तर वाक्य गेलं.

मेसेजमधून जाणाऱ्या छोट्या फाइलने तर तिचा अंतच बघितला. बिट कमी पडले की आधी बळी जातं ते झरझर हलणाऱ्या बारीक गोष्टींचं, आणि बहिऱ्यांच्या भाषेत तर सगळं बोटांवर. दुसरा कुणी असता तर सेकंदाच्या पंचवीस चित्रांची बारा करून मोकळा झाला असता. "मग बोटं उड्या मारतात," गाळणी म्हणाली. तिने चित्राचा आकार कमी केला, चित्रांची संख्या नाही. दुभाषीच्या मागे सपाट राखाडी रंग ठेवला, म्हणजे तिथे बिट खर्ची पडत नाहीत. वरच्या भागातल्या धुराच्या शॉटमधला दाणा, म्हणजे बारीक ठिपक्यांची वळवळ, पुसून टाकला, कारण धुरासारखा बिटखाऊ दुसरा कुणी नाही. एवढं करून ती माझ्या खोलीत आली.

"तुझा आवाज मोनो कर. आणि हलका कर."

"का म्हणून?" मी भडकलो. "चार दिवस राबलोय त्या भोंग्यावर!"

"हातांना बिट पाहिजेत."

"माझ्या आवाजातून किती वाचणार आहेत?"

"चमचाभर," ती म्हणाली. "पण तो चमचाही पाहिजे."

मी पुटपुटत पुटपुटत मोनो केला, दोन्ही कानांचा मिळून एकच. माझ्या आयुष्यात मी दुसऱ्यासाठी केलेला तो सगळ्यात मोठा त्याग असेल.

मग एका दुपारी बाबा आणि कट्ट्यावरची मंडळी स्टुडिओत आली. आपापले फोन घेऊन, त्यात दोघांचे काचा तडकलेले. गाळणीने फाइल प्रत्येकाच्या फोनवर टाकली आणि बघून झाल्यावर काय कळलं ते एकेकाला करून दाखवायला लावलं. लिफ्ट वापरू नका, जिन्याने उतरा, या जागी बाबांनी नाही म्हणून मान हलवली. बोटं पुसट दिसत होती. गाळणी आत गेली, तेवढ्या तुकड्याला जास्त बिट देऊन फाइल पुन्हा काढून आणली. पुन्हा बघणं झालं. ज्याने बागेत खांदे उडवले होते, त्या गृहस्थांनी फोन खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून हलवले. ती त्यांची टाळी. मग सगळ्यांचे हात वर गेले. बाईसाहेबांचेसुद्धा. त्यांनी फोटो काढले, बाबांचे हात हातात घेतले, चहा मागवला. आमच्या स्टुडिओत एवढी शांत आणि एवढी आनंदी खोली मी बघितली नव्हती. गाळणीचा चेहरा तर असा उजळलेला, की मी तिला त्या दिवशी चिडवलंसुद्धा नाही.

फिल्म बाहेर आली त्या दिवशी ती मला माझ्या वहिनीकडून आली. "तुमच्याकडची ना ही?" असं खाली लिहून. मी मोठ्या ऐटीत उघडली. पडदाभर हिरोचं तोंड. मी वाट बघितली. दुभाषी नाही. पुढे एका ठिकाणी हिरो उजवीकडे सरकतो, त्याच्या मागे चौकटही सरकते आणि उजव्या कडेने कुणाचीतरी तीन बोटं आत येतात. हलतात. जातात.

मी तसाच गाळणीच्या खोलीत गेलो आणि फोन तिच्यापुढे धरला. तिने खिडकीपाशी जाऊन सगळं बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिच्या नियमाने.

"ही माझी नाही," ती म्हणाली. मग अगदी कामातल्या आवाजात, "वेबच्या फाइलवरून कापलीय. मधला पट्टा घेऊन ताणलाय, बघ कसं पुसट झालंय. कुठल्यातरी प्रोग्रॅमला सांगितलंय, चेहऱ्याच्या मागे जा."

"खात्यातल्या कुणी केलं असेल," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

खात्याच्या पानावर ती गेली. तिथेही तीच फाइल. वर एक फोटो. आमचीच खोली, हात वर केलेली मंडळी, मधोमध बाबा. खाली लिहिलेलं, कर्णबधिर नागरिकांनी स्वतः तपासून पसंत केलेली फिल्म. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाळणी उठली आणि केबिनकडे निघाली. मी मागोमाग. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी काय तिथे स्वस्थ बसणार होतो?

बाईसाहेबांनी आम्हाला बघितलं आणि त्यांना कळलं. त्या लगेच बोलायला लागल्या. खात्याच्या साहेबांना उभ्या चौकटीत हिरो लहान वाटला. हिरोच्या माणसांनाही पसंत पडलं नाही. आणि टीव्हीवर आहे ना दुभाषी, वेबवर आहे, कुठे काढली? "मी किती भांडले ते तुला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"कापली कुणी?" गाळणीने विचारलं.

"अगं, ते ऑटोमॅटिक होतं..."

"ए बये. कापली कुणी?"

"मीच," बाईसाहेब म्हणाल्या. "तुला कशी सांगणार होते करायला? तुला त्रास नको म्हणून मी केली. आधीच ठरलं होतं ते, माझ्या हातात काय होतं?"

"आधी म्हणजे कधी?"

बाईसाहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"बाबा येऊन गेले त्याच्या आधी?"

"त्यांचा उत्साह मोडवेना गं माझ्याच्याने," बाईसाहेब म्हणाल्या.

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं. म्हणजे त्या दुपारी, बाबांनी मान हलवली आणि ही धावत जाऊन बोटं नीट करून आणत होती, तेव्हा तिच्या फाइलचा निकाल लागलेला होता. लोकांना बोलावलं ते फोटोसाठी. टाळीला वर गेलेल्या हातांत या बाईचेही हात होते. मी तोंड उघडलं आणि जे काय सुचेल ते बोललो. त्यातलं इथे लिहिण्याजोगं काही नाही.

एवढ्यात दारात बाबा उभे दिसले. एकटेच आलेले. इस्त्रीच्या शर्टाची घडी असावी तसा फोन दोन्ही हातांत जपून धरलेला. आमच्यातलं कुणी काही करायच्या आधी त्यांनी फोन बाईसाहेबांच्या टेबलावर ठेवला, बोटाने फिल्म पुढे ओढली आणि तीन बोटं आत येतात तिथे थांबवली. मग त्यांनी मुलीकडे बघितलं आणि हात हलवले.

गाळणीने तिच्या हातांनी काहीतरी उत्तर दिलं. ती नाही म्हणत होती, एवढं मला कळलं. बाबांनी पुन्हा तीच खूण केली, ठामपणे.

"बाबांना तुझ्याशी बोलायचंय," गाळणी मालकिणीला म्हणाली. "मी नुसती दुभाषी. मी 'मी' म्हणेन ते बाबा म्हणतायत असं समज."

"अगं, मला कळतं थोडं थोडं," बाईसाहेब म्हणाल्या.

"थोडं नको."

बाबांनी सुरुवात केली आणि गाळणी त्यांच्या शेजारी उभी राहून बोलू लागली. आवाज सरळ, वर नाही, खाली नाही.

"माझ्या मित्रांनी मला विचारलं, ही कुणाची बोटं? मी काय सांगू त्यांना? मी म्हटलं होतं, माझ्या शब्दावर या. ते आले. चार जण कामावर रजा टाकून आले."

बाईसाहेब म्हणाल्या, "बाबा, मी वेगळी लिंक देते. खास तुमच्यासाठी. हिने केलेली फाइल तिथे ठेवते."

गाळणीचे हात हलले, बाबांनी बघितलं, आणि त्यांचे हात जरा जोरात चालू लागले.

"वेगळी कुणी मागितली? आग आमच्यासाठी वेगळी लागते का? लोक पाठवतात ती ही. माझ्या फोनवर आली ती ही. मी जन्मभर पुस्तकांच्या कडा कापल्या. कडा कापायची म्हणजे आधी बघायचं, अक्षर कुठे संपतं. मी एकदाही अक्षर कापलं नाही. तुला दिसत होतं, अक्षर कुठे आहे. तू आमच्या घरी बसून शिकलीस."

बाईसाहेबांचे डोळे भरून आले. मला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही.

"तू माझे हात हातात घेतलेस," गाळणी म्हणत होती. "मला वाटलं तू आमची आहेस. मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, ती आमची आहे. फोटो काढताना तू म्हणालीस, हात आणखी वर करा. मी केले. तुला त्या वेळी माहीत होतं. तू चहा मागवलास आणि तुला माहीत होतं. मी आत जाऊन तेवढा तुकडा परत काढत होते, आणि तू दारात उभी राहून मला म्हणालीस, किती जीव लावतेस गं कामाला. तुला माहीत होतं. मी तुझ्या डब्यात जेवले. माझी आई गेली तेव्हा तू माझ्याशेजारी झोपलीस."

बाईसाहेबांनी नजर वळवून बाबांकडे बघितलं. मीही बघितलं. बाबांचे हात केव्हाच खाली आले होते, टेबलाच्या कडेवर स्वस्थ टेकलेले, आणि ते आपल्या मुलीचे ओठ बघत उभे होते. ती अजून बोलत होती.